टाच सुटते, तेव्हा जीभ बघा

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तसा छोटा आहे. बूट मागून सुटतो. चालताना प्रत्येक पावलाला टाच वर येते, बूट खालीच राहतो आणि मग ‘चपक चपक’ असा आवाज. दोन तासांनी टाचेवर फोड. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे सोसलेलं असणार, आणि बऱ्याच जणांनी दुकानातून एक चिकटवायची गादी आणून बुटाच्या मागच्या बाजूला लावूनही पाहिली असणार. काहींचं काम झालं असेल. काहींच्या अंगठ्याचं नख काळं पडलं असेल. असं का होतं, ते आज बोलू.

माझ्या माहेरचं चपला-बुटांचं दुकान. शाळेत असल्यापासून मी तिथे स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या पायात बूट घालत आले, आणि पुढे बावीस वर्षं गल्ला सांभाळला. त्यामुळे आज सांगणार आहे ते पुस्तकातलं कमी आणि स्टुलावरचं जास्त आहे.

सुरुवात माझ्या भाच्यापासून करते. ओंकार, माझ्या भावाचा मुलगा. हॉटेल मॅनेजमेंट झालं आणि पुण्यात एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला ट्रेनी म्हणून लागला. काळे, नाडीचे, चामड्याचे फॉर्मल बूट सक्तीचे. दिवसाचे नऊ तास उभं राहायचं. त्यानं ऑनलाइन बूट मागवले, तीन हजार आठशे रुपयांचे, आठ नंबर. सोमवारी रुजू व्हायचं आणि बूट परत करायची मुदत रविवारी संपणार. गुरुवारी रात्री फोन आला.

“आत्या, बूट मागून सुटतोय गं. हील ग्रिप लावू का?”

मी म्हटलं, “काहीही लावू नकोस. शनिवारी बूट घेऊन ये.”

आता मी त्याला का थांबवलं, ते आधी सांगते. चिकटवलेली गादी काढली की आतल्या अस्तरावर डिंक राहतो, कधी अस्तरच सोलून निघतं. असा बूट कुणी परत घेत नाही. म्हणजे गादी चिकटवली त्या क्षणी तुम्ही ठरवून टाकलं, की हा बूट माझा. ते ठरवायच्या आधी बूट ठेवण्यासारखा आहे का, हे कळायला हवं. आणि ते गादी न चिकटवताही कळतं.

बूट पायाला धरतो कुठे?

आपल्याला वाटतं, टाच सुटते म्हणजे बूट टाचेत सैल आहे. कधी कधी तसं असतंही. पण नाडीचा बूट पायाला मुख्यतः धरतो तो पावलाच्या उंचवट्यावर, म्हणजे जिथे आपण नाडी बांधतो तिथे. तिथली पकड घट्ट असेल तर पाऊल मागे आणि खाली दाबलं जातं, टाच आपल्या खोबणीत बसते आणि बसूनच राहते. ती पकड ढिली असेल तर पाऊल आतल्या आत पुढे सरकतं. मागे पोकळी तयार होते. टाच उचलली की बूट मागे राहतो. लक्षण टाचेपाशी दिसतं, पण दोष असतो वर, जिभेखाली.

म्हणून बाजारात दोन वेगळ्या गाद्या मिळतात आणि त्यांची कामं एकमेकींच्या उलट आहेत. हील ग्रिप बुटाच्या मागच्या आतल्या बाजूला लागते आणि पाऊल पुढे ढकलते. टंग पॅड बुटाच्या जिभेला आतून लागतो आणि पाऊल मागे, खाली दाबतो. एकीनं होणारं काम दुसरीनं होत नाही. उलट चुकीची निवडली, तर होता तो त्रास वाढतो. पाऊल आधीच पुढे सरकत असेल आणि तुम्ही मागून आणखी ढकललं, तर बोटं पुढे जाऊन आपटणार. सुरुवातीला म्हटलेलं काळं नख येतं ते असं.

शनिवारची तपासणी

ओंकार शनिवारी संध्याकाळी आला. मुद्दाम संध्याकाळीच बोलावलं होतं, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजतो, आणि नऊ तासांच्या ड्युटीत त्याला त्याच पायानं उभं राहायचं होतं. मोजेही ड्युटीवर घालायचेच आणायला सांगितले होते. पातळ मोज्यावर बूट बघायचा आणि जाड मोज्यावर वापरायचा, यात काही अर्थ नाही.

आधी पाय मोजले. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, टाच भिंतीला लावून सरळ उभं राहायचं आणि सगळ्यात लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करायची. दोन्ही पायांची. त्याचा उजवा भरला २५६ मिलिमीटर आणि डावा २६०. पावलांत असा फरक अनेकांच्या असतो आणि बऱ्याच जणांना तो माहीत नसतो. आता आपल्याकडच्या नंबरात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा, आणि पुष्कळ कंपन्या अर्धा नंबर काढतच नाहीत. सात नंबर ओंकारच्या डाव्या पायाला आखूड झाला असता. म्हणजे आठ घेतला ते बरोबरच होतं. मोठ्या पायाला बसेल तो नंबर घ्यायचा आणि लहान पायाची सोय नंतर बघायची, हा दुकानातला जुना नियम. कारण सैल बूट थोडा भरता येतो. आखूड बूट लांब करता येत नाही.

मग त्याला उभं करून नाड्या नीट बांधायला लावल्या आणि नाडीची भोकं असलेल्या दोन पट्ट्यांमध्ये किती फट उरते ते पाहिलं. ही या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे, आणि बघायला तीन सेकंद लागतात. नव्या बुटात या दोन पट्ट्यांमध्ये पेन्सिल मावेल एवढी तरी फट उरायला हवी. चामडं वापरून सैल होतं, तेव्हा आणखी आवळायला ती जागा लागते. ओंकारच्या डाव्या बुटात अर्ध्या पेन्सिलीएवढी फट होती. उजव्यात दोन्ही पट्ट्या एकमेकींना पूर्ण चिकटल्या होत्या. म्हणजे त्यानं नाडी कितीही ओढली तरी पकड वाढणार नव्हती. पट्टी पट्टीवर दाबली जाणार, पायावर नाही.

तिथेच अर्धं उत्तर मिळालं. उजव्या बुटात उंचवट्यावर जागा रिकामी होती.

उरलेलं अर्धं चवड्यापाशी असतं. त्याला म्हटलं, टाच उचल आणि चवड्यावर उभा राहा. बुटाला वरून जी घडी पडते ती कुठे पडते ते पाहायचं. अंगठ्यामागचं जे हाड बाहेर आलेलं असतं, तिथे पाऊल वाकतं. घडी तिथूनच आडवी गेली पाहिजे. म्हणजे बूट जिथे वाकतो आणि पाय जिथे वाकतो, त्या दोन जागा एक आहेत. ओंकारची घडी बरोबर पडत होती. हे आत्ता लक्षात ठेवा, कारण बूट सोडून द्यायचा का, हा प्रश्न शेवटी या घडीपाशीच येणार आहे.

मोजायचं कसं?

“सुटतोय” म्हणजे किती सुटतोय? यासाठी एक खडू पुरतो. काळा मोजा, पांढरा खडू. बूट घालून सरळ उभं राहायचं आणि मागच्या काठालगत मोज्यावर खडूची रेघ मारायची. मग चालताना मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, किंवा कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगायचं. टाच उचलली की रेघ काठाच्या वर किती येते, तेवढा बूट सुटतो.

उजवीकडे रेघ जवळजवळ बारा मिलिमीटर वर येत होती. डावीकडे पाचेक.

आता डावीकडचे पाच ऐकून घाबरू नका. चामड्याचा, जाड सोलचा नवा बूट थोडा सुटतोच. सोल ताठ असतो. पाय वाकतो, सोल वाकत नाही, मग टाच वर येते. दहा-पंधरा वेळा वापरल्यावर सोल चवड्यापाशी वाकायला शिकतो आणि हे आपोआप कमी होतं. त्या चार-पाच मिलिमीटरसाठी पहिल्या दिवशी गादी लावली, तर महिन्याभरानं बूट घट्ट वाटायला लागतो. म्हणून डाव्या बुटाला हात लावायचा नाही, हे तिथेच ठरलं. दोन बुटांना सारखीच गादी लावलीच पाहिजे असं काही नाही. पाय सारखे नाहीत, तर गादी कशाला सारखी?

चिकटवण्याआधी रुमाल

उजव्यासाठी मी एक जुना सुती रुमाल घेतला. दोन बोटं रुंद आणि चार बोटं लांब अशी घडी केली, साधारण चार मिलिमीटर जाड. जिभेखाली, मोज्याच्या वर ठेवली आणि नाडी बांधायला सांगितली. पट्ट्यांमध्ये पेन्सिलीएवढी फट दिसली. घरात जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर चालायला लावलं, म्हणजे बूट परत करायची वेळ आली तर सोल स्वच्छ राहावा. वीस पावलं जा, वीस पावलं ये. मग स्वच्छ पुसलेल्या जिन्याच्या दोन पायऱ्या वर-खाली. जिना महत्त्वाचा, सपाटीवर न सुटणारा बूट जिन्यात सुटतो.

खडूची रेघ आता चार-पाच मिलिमीटरच वर येत होती. डाव्याएवढीच.

“आत्या, हे तर झालंच की!”

“थांब. पंधरा मिनिटं तसाच बस.”

कारण दुसरी बाजूही पाहायची असते. घडी जास्त जाड झाली, तर पावलावरची नस आणि शिरा दाबल्या जातात आणि बोटांना मुंग्या येतात. पंधरा मिनिटांनी मुंग्या आल्या तर घडी पातळ करायची. पातळ केल्यावर टाच पुन्हा सुटायला लागली, तर टंग पॅड हा त्या बुटाचा इलाज नाही. ओंकारला मुंग्या आल्या नाहीत. बूट ठेवायचा, असं शनिवारी रात्री साडेनऊला ठरलं. परत करायची मुदत तेव्हा एका दिवसाहून थोडी जास्त शिल्लक होती.

हाच प्रयोग हील ग्रिपसाठीही करता येतो. फलानेलचा छोटा तुकडा मोज्याच्या आत टाचेमागे ठेवायचा, म्हणजे तो चालताना निसटत नाही. त्यानं टाच धरली गेली आणि पुढे बोटांना अजून अंगठ्याच्या नखाएवढी जागा मोकळी राहिली, तर हील ग्रिप चालेल. बोटं पुढे टेकली, तर नाही.

मग हील ग्रिप नेमकी कुणासाठी? पट्ट्यांमध्ये फट नीट आहे, उंचवट्यावर पकड आहे, बोटांपुढे जागा आहे, तरी टाचेच्या दोन्ही बाजूंना बूट रुंद पडतो, अशांसाठी. काहींची टाच अरुंदच असते. त्यांना नाडी आवळून उपयोग नाही, तिथे मागूनच भरावं लागतं.

टंग पॅड लावताना

रविवारी सकाळी आम्ही टंग पॅड आणला. शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. मला फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी नमद्यासारखा आवडतो. स्पंजचा पहिल्या दिवशी छान लागतो आणि लवकर चपटा होतो. जेलचा आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानं सरकतो. फेल्टही दबतो, पण थोडाच, आणि मग तसाच राहतो.

जागा नीट ठरवायची. पॅडची वरची कड जिभेच्या टोकाच्या साधारण एक सेंटिमीटर खाली राहू द्यायची, नाहीतर चालताना घोट्यापुढे जिथे पाय वाकतो तिथे ती टोचते. खालची कड नाडीच्या सगळ्यात खालच्या भोकाच्या पुढे जाऊ द्यायची नाही, कारण तिथून पुढे बूट वाकतो आणि पॅडची कड बोटांच्या मुळाशी घासते. जास्त लांब असेल तर कापायचा. कापलेली कड ब्लेडनं तिरकी तासायची, म्हणजे पायाला पायरीसारखी लागत नाही. हे तिरकं तासणं कुणी करत नाही, आणि पॅड लावल्यावर होणाऱ्या तक्रारी बहुतेक त्या एका कडेच्याच असतात.

आधी न चिकटवता ठेवून पाहायचं, पेन्सिलीनं खूण करायची. मग जिभेची आतली बाजू स्पिरिटच्या फडक्यानं हलकेच पुसायची आणि दहा मिनिटं पूर्ण वाळू द्यायची. नव्या बुटाच्या अस्तरावर पॉलिशचा, हातांचा तेलकटपणा असतो, त्यावर डिंक धरत नाही. मग पाठचा कागद काढून चिकटवायचा, अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत जायचं, बूट घालून नाडी आवळून पाच मिनिटं बसायचं आणि रात्रभर तसाच ठेवायचा. पावसाळ्यात किंवा फार घाम येणाऱ्या पायात हा डिंक सुटतो. तसं झालं तर कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे जायचं. ते सोल्युशन दोन्ही बाजूंना लावतात, थोडं सुकू देतात आणि मग दाबतात. ते सहसा निघत नाही.

हील ग्रिप लावायची झाली तर तिची वरची कड बुटाच्या काठाच्या तीन-चार मिलिमीटर खाली ठेवायची. काठाबरोबर लावली तर ती घासून उलटते. फार खाली सरकवली तर टाचेचा जो भाग धरायचा आहे तो सुटतोच. पातळातली पातळ आधी लावून पाहायची.

बिननाडीच्या बुटांचंही विचारतात. लोफरला जीभ असते, तिच्या खाली टंग पॅड लावता येतो आणि तो छान काम करतो. बेलीजना मात्र वर धरायला काहीच नसतं. त्या पायावर राहतात त्या फक्त लांबीच्या मापावर. म्हणून त्या घेतानाच चपखल घ्यायच्या, पुढे सैल होतातच. पातळ हील ग्रिपनंही बेली पायातून निघत असेल, तर आणखी जाड लावत बसू नका, बोटं वाकडी करून चपला धरायची सवय लागते आणि पोटऱ्या दुखतात.

सोडून द्यायचा कधी?

ओंकारचं पाहून त्याचा रूममेट माझ्याकडे आला. त्याचाही बूट सुटत होता आणि त्यानं आधीच तीन गोष्टी लावल्या होत्या. मागे हील ग्रिप, वर टंग पॅड, खाली जादा सुखतळा. तरी फोड होताच.

त्याला चवड्यावर उभं केलं आणि घडी पाहिली. घडी पडत होती ती हाडापाशी नाही, त्याच्या बोटांवर. पाय मोजला तर लांबीनं सात नंबरचा, पण चवडा भरपूर रुंद. सातमध्ये चवडा आवळायचा म्हणून त्यानं आठ पाहिला, तोही आवळला, मग नऊ घेतला. नऊमध्ये चवडा मावला. पण रुंदी मिळवायला त्यानं दोन नंबरांची लांबी विकत घेतली होती. आपल्याकडे हे फार होतं. रुंद चवड्याची माणसं वर्षानुवर्षं मोठा नंबर घालतात आणि टाच सुटते म्हणून गाद्या भरत राहतात.

गादी रिकामी जागा भरते. बूट जिथे वाकतो ती जागा ती बदलू शकत नाही. त्याचा बूट पायाच्या पुढे वाकत होता, मग प्रत्येक पावलाला टाच वर खेचली जाणारच. त्याला सांगितलं, “हा बूट तुझा नाही. काढून टाक, आणि पुढच्या वेळी सात नंबरच, पण रुंद साच्याचा माग.” मुदत गेलेली, अस्तराला डिंक लागलेला. परत होणार नव्हता. एका चुलतभावाला दिला, त्याला बसला. रुंद साचे सगळीकडे मिळत नाहीत, शोधावे लागतात, पण मिळतात.

तर घडी चुकीच्या जागी, हे पहिलं कारण. दुसरं, दोन गाद्या लावाव्या लागल्या तरी टाच सुटते. एक गादी ही दुरुस्ती असते. तीन गाद्या म्हणजे आत दुसरा बूट बांधणं. तिसरं कारण, बोटं पुढे टेकतात आणि तरीही टाच सुटते. अशा बुटाचा साचाच तुमच्या पायाचा नाही. मागून भरलं तर बोटं चेचणार, पुढून जागा केली तर टाच निघणार. चौथं, मागचा कडक भाग मोडलेला. टाचेमागे अंगठ्यानं दाबून पाहा. ताठ राहिला तर ठीक. आत दुमडला, तर शिंगाशिवाय, मागचा भाग तुडवून बूट घालायच्या सवयीनं तो मोडला आहे. मोडक्या भिंतीला गादी चिकटवून टाच धरली जात नाही.

आणि पाचवं कारण मला सांगायला अवघड जातं, पण सांगते.

माझ्या बाबांना मधुमेह होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायात बूट घातले त्यांनी. शेवटच्या वर्षांत त्यांचा आवडता बूट टाचेत सैल झाला, पाय वाळले होते ना. मी हौसेनं हील ग्रिप लावून दिली. चांगली बसली असं मला वाटलं. बाबाही म्हणाले, “आता छान झालंय गं.” दहा दिवसांनी आईनं मोज्यावर डाग पाहिला. ग्रिपची एक कड सुटून उलटली होती आणि टाचेवर घासत होती. मला किंवा तुम्हाला पहिल्या अर्ध्या तासात कळलं असतं. बाबांना कळलं नाही, कारण त्यांच्या पायातली जाणीव गेली होती. ती जखम भरायला सहा आठवडे ड्रेसिंग करावं लागलं. पाय वाचला. पण डॉक्टर एवढंच म्हणाले, की बूट छान झाला असं ते म्हणाले तेव्हा तुम्ही पाय बघायला हवा होता.

म्हणून घरात मधुमेह असलेलं माणूस असेल, पायाला बधिरपणा असेल, तर गादी चिकटवू नका. मी आत्ता सांगितलेल्या सगळ्या खुणा शेवटी ‘बोटाला लागतं का, मुंग्या येतात का’ यावर उभ्या आहेत, आणि त्या पायाला ते सांगताच येत नाही. त्यांचा सैल बूट हा सोडून द्यायचाच बूट. डॉक्टरांना विचारा, त्यांच्यासाठी मऊ एमसीआर सुखतळ्याच्या चपला, बूट मापानं करून मिळतात. आणि रोज रात्री तळवा, टाच, बोटांमधल्या जागा डोळ्यांनी पाहा. स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्यानं पाहावं.

ओंकारचं काय झालं, ते सांगून थांबते. सोमवारी रुजू झाला. आठवड्यानं फोन, “आत्या, उजवा पुन्हा जरा हलतोय.” फेल्ट दबला होता. मी म्हटलं, पट्ट्यांमध्ये अजून फट आहे ना? मग नाडी आवळ. त्यासाठीच तर ती फट ठेवली होती. महिन्यानं सोल वाकायला लागला आणि डाव्याचं ते पाच मिलिमीटर सुटणंही गेलं, काहीही न लावता.

तेव्हा, गादी घ्यायला निघायच्या आधी बूट घाला, नाडी बांधा आणि खाली वाकून त्या दोन पट्ट्यांकडे बघा. रुमाल आणि खडू घरात आहेतच.

भेटू पुढच्या भागात. पाय सांभाळा.